झोपेत डोकं आपटणारी मुलं

दीड वर्षाच्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. बालरोगतज्ज्ञांकडे असं मूल वारंवार येतं. रात्री साडेआठला आई त्याला अंथरुणावर निजवते, दिवा मालवते. पाच-दहा मिनिटं तो चुळबुळ करतो. मग पालथा होतो, हाता-गुडघ्यांवर उठतो आणि मागे-पुढे डुलायला लागतो. पलंग भिंतीला टेकवलेला आहे. प्रत्येक झोक्याला कपाळ भिंतीवर आदळतं. साधारण सेकंदाला एक ठोका, न चुकता. दहा मिनिटं चाललं तर सहाशे ठोके होतात. शेजारच्या खोलीत आजोबा उठून बसतात, आईच्या छातीत धस्स होतं. मूल मात्र रडत नाही, ओरडत नाही. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा शांत. आईने पाठीवर हात ठेवला की ते थांबतं, हात काढला की दोन मिनिटांत पुन्हा सुरू. मग एकदम अंग सैल सोडून गाढ झोपतं. सकाळी कपाळावर थोडी लाली असते, तीही दुपारपर्यंत जाते. दिवसा ते हसतं, धावतं, हाक मारली की वळून बघतं, ‘दे’, ‘पाणी’, ‘गेला’ म्हणतं.

या प्रकाराला वैद्यकात झोपेतली लयबद्ध हालचाल म्हणतात. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ ज्युलियस त्सापर्ट यांनी 1905 मध्येच तिचं वर्णन करून ठेवलं होतं. ती तीन रूपांत दिसते: अंग डुलवणं, डोकं आपटणं आणि उताणं झोपून मान डावी-उजवीकडे फिरवत राहणं. सुरुवात बहुधा सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान होते. स्टॉकहोममध्ये मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या क्लाकेनबर्ग यांच्या 1971 च्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या दर दहा बाळांपैकी सुमारे सहा बाळं यातलं काही ना काही करत होती. दीड वर्षाला हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर आलं आणि पाच वर्षांच्या वयात शंभरातली पाच-सहा मुलंच उरली. या आकड्यांत सौम्य डुलणंही धरलेलं आहे. भिंत दणाणून सोडणारी मुलं त्यामानाने थोडी असतात. पण उतार कसा पडत जातो हे यावरून नीट कळतं.

मूल हे का करतं? सर्वांत पटणारं उत्तर कानाच्या आतल्या भागाकडे बोट दाखवतं. आपला तोल सांभाळणारं इंद्रिय तिथे असतं, आणि संथ, एकसारखी हालचाल त्याला मिळाली की जागेपणाकडून झोपेकडे जाणं सोपं होतं. आपल्याकडे पाळणा आणि झोळी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आल्या आहेत. जिनिव्हातल्या संशोधकांनी 2011 मध्ये मोठ्या माणसांना हळू झुलणाऱ्या पलंगावर दुपारची डुलकी घ्यायला लावली, तेव्हा ती माणसं स्थिर पलंगावरच्यापेक्षा लवकर झोपी गेली. झोळीतल्या बाळाला दुसरं कोणीतरी झोका देतं. आपल्या उदाहरणातला मुलगा स्वतःच स्वतःला झोका देतो. म्हणूनच हे प्रामुख्याने पेंग आल्यावर आणि हलक्या झोपेत घडतं. पहाटे झोप चाळवली की काही मुलं पुन्हा तेच करून झोपी जातात.

आता इजेचा प्रश्न. आई-बापांच्या मनात पहिली भीती मेंदूला मार बसण्याची असते. निरोगी मुलात अशा आपटण्याने मेंदूला इजा होत नाही, असं डॉक्टर जवळपास एकमुखाने सांगतात. मूल पडतं तेव्हा त्याच्या डोक्याला लागणारा जोर त्याच्या हातात नसतो. डोकं आपटताना जोर त्याच्याच मानेचा आणि पाठीचा असतो, अंतर वीतभर असतं आणि दुखलं की मूल स्वतःच जोर कमी करतं. कपाळ लाल होतं, कधी टेंगूळ येतं, फार दिवस चाललं तर तिथली कातडी जाड होते किंवा केस विरळ होतात. गंभीर इजांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, पण त्या फार विरळ आहेत. वेगळी काळजी घ्यावी लागते ती मतिमंदत्व, स्वमग्नता किंवा अंधत्व असलेल्या काही मुलांच्या बाबतीत. ती दिवसाही, पूर्ण जागेपणीही तासन्‌तास डोकं आपटतात आणि दुखलं तरी थांबत नाहीत. अशा मुलांना इजा होऊ शकते आणि त्यांना तज्ज्ञाची मदत लागतेच.

‘डोकं आपटतो म्हणजे स्वमग्न असेल का?’ हा प्रश्न हल्ली फार आई-वडिलांना छळतो. नुसत्या रात्रीच्या आपटण्यावरून तसं म्हणता येत नाही. उत्तर दिवसाच्या वागण्यात शोधायचं. मूल डोळ्याला डोळा देतं का, नावाने हाक मारल्यावर वळतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, शब्द वाढताहेत का? आपल्या उदाहरणातल्या मुलाचं हे सगळं ठीक आहे. म्हणून त्याला ना मेंदूचा आलेख लागतो, ना स्कॅन.

एक आजार मात्र याच्याशी गल्लत होऊ शकेल असा आहे आणि तिथे उशीर महागात पडतो. चार ते आठ महिन्यांच्या बाळांत एक विशिष्ट प्रकारची फीट सुरू होते. बाळ झोपेतून उठतं आणि एकदम दोन्ही हात फेकल्यासारखे बाहेर येतात, मान पुढे पडते, क्षणभर अंग ताठतं आणि सुटतं. काही सेकंद थांबून पुन्हा तसाच झटका, मग पुन्हा. अशी एक माळच चालते आणि बाळ मध्येच रडतं. डुलणं झोपी जाताना येतं, हे झटके बहुधा जाग आल्यावर येतात. डुलण्याला सलग लय असते. इथे प्रत्येक झटका सुटा असतो. अंगावर हात ठेवल्याने डुलणं थांबतं, झटका थांबत नाही. आणि हळूहळू बाळाचं हसणं, बघणं, मान धरणं मागे जायला लागतं. हे दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जावं. दवाखान्यात मूल कधीच डोकं आपटून दाखवत नाही आणि ‘असं असं करतो’ या वर्णनावरून फीट की डुलणं हे ठरवणं अवघड जातं. व्हिडिओत संपूर्ण शरीर दिसावं आणि मध्येच एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवून काय होतं तेही टिपावं.

घरी करायचं ते थोडंच आहे. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढावा किंवा गादी जमिनीवर घालावी. अर्धा आवाज तिथेच संपतो. लाकडी खाट असेल तर तिचे स्क्रू आठवड्याला तपासावेत, कारण रोजच्या डुलण्याने ते सैल होतात आणि खाट मोडून पडण्याचा धोका आपटण्याहून मोठा असतो. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर डोक्याभोवती उशा रचू नयेत. त्या तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. दर वेळी धावत जाऊन उचलून घेऊ नये, रागावूही नये, कारण आपटलं की आई येते हे मूल चटकन शिकतं. सर्वांत उपयोगी उपाय वेळापत्रकाचा आहे. आपला मुलगा साडेआठला अंथरुणावर जातो आणि झोपतो साडेनऊला, तर मधला तासभर तो डुलत काढतो. त्याला काही दिवस सव्वानऊला झोपवावं, सकाळी मात्र नेहमीच्या वेळी उठवावं. पाठ टेकताच झोप लागली की डुलायला वेळच उरत नाही. मग झोपेची वेळ दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणता येते.

दात खाण्याची गोष्ट थोडी वेगळी. वरचे आणि खालचे पुढचे दात आले की, म्हणजे वर्षाच्या आसपास, काही बाळं झोपेत ते करकर घासायला लागतात. तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो आणि घरातली आजी म्हणते, “जंत झालेत, औषध पाजा.” जंत आणि दात खाणं यांचा संबंध अभ्यासांतून भक्कमपणे सिद्ध झालेला नाही. जंताचं औषध जरूर द्यावं. एक वर्षावरच्या मुलांना सरकारी मोहिमेतही ते मिळतं, पण ते जंतांसाठी. त्याने दात खाणं थांबेल अशी आशा धरू नये. दात खाणं येतं ते झोप अर्धवट चाळवते त्या क्षणी. झोप जास्त वेळा चाळवत असेल तर ते वाढतं. म्हणून दात खाणारं मूल रात्री घोरतं का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतं का, झोपेत घामाघूम होतं का, हे बघावं. नाकामागच्या ग्रंथी सुजून श्वासाला अडथळा येत असेल तर त्याच्यावर उपचार केल्यावर अनेक मुलांचं दात खाणंही कमी होतं.

दातांचं नुकसान? दुधाच्या दातांच्या कडा झिजून सपाट होतात, एवढंच बहुतेकांच्या बाबतीत घडतं. ते दात सहाव्या वर्षापासून पडायचेच असतात, आणि पक्के दात येता-येता बहुतेकांची सवय सुटते. लहान मुलांना मोठ्यांसारखी दातांवर चढवायची पट्टी सहसा देत नाहीत, कारण जबडा वाढत असतो. सकाळी जबडा किंवा कान दुखतो असं मूल सांगत असेल, थंड पाणी दाताला झोंबत असेल किंवा दाताचा तुकडा उडाला असेल, तर दंतवैद्याला दाखवावं.

रक्तातलं लोह मात्र डुलणाऱ्या आणि दात खाणाऱ्या दोन्ही मुलांमध्ये लक्षात ठेवावं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर तीनपैकी दोन भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला. लोह कमी असलेल्या मुलाची झोप अस्वस्थ असते, पाय सतत हलत असतात. दिवसभर दुधावरच राहणाऱ्या, वरण-भाजीला तोंड न लावणाऱ्या मुलाचं लोह तपासून घेणं म्हणूनच योग्य. लोहाचं औषध मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावं, जास्त लोह लहान मुलाला विषारी ठरतं.

मूल चार-पाच वर्षांचं झालं तरी रोज डोकं आपटत असेल, जखमा होत असतील, दिवसाही आपटत असेल, शिकलेले शब्द विसरत असेल किंवा घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावं. यातलं काही नसेल, तर पलंग भिंतीपासून ओढा आणि त्याला झोपू द्या.