राजीनामा, नोटीस आणि थांबण्याचा आग्रह

अमळनेर तालुक्यातील एखाद्या अनुदानित माध्यमिक शाळेत कायम असलेल्या शिक्षकास धुळ्याच्या संस्थेकडून मुलाखतीचे पत्र आले, अशी कल्पना करावी. हे आपल्या मुख्याध्यापकांस केव्हा सांगावे, हा प्रश्न वरवर सौजन्याचा वाटतो. वस्तुतः तो दिनदर्शिकेचा आहे.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली कायम कर्मचाऱ्यावर तीन महिन्यांच्या नोटिशीचे बंधन घालते. शिवाय ही नोटीस सुटीत देता येत नाही आणि तिच्या मुदतीत सुटीचा कोणताही भाग येता कामा नये. पहिले सत्र सुरू झाल्यापासून एक महिनाही ती वर्ज्य आहे. १ फेब्रुवारीपासूनची नोटीस एप्रिलअखेर संपते. मार्चमध्ये दिलेली मात्र उन्हाळी सुटीत शिरते. म्हणून डिसेंबरात मुलाखतीचे पत्र येताच मुख्याध्यापकांशी बोलून, ना हरकत प्रमाणपत्रासाठी लेखी अर्ज करणे इष्ट. निवड होईपर्यंत मौन पाळणाऱ्याच्या हाती पुष्कळदा हे दिवसच उरत नाहीत.

संस्था लवकर कार्यमुक्त करू शकते; परंतु नोटिशीत जितके दिवस कमी पडतील, तितक्या दिवसांचे भत्ते वगळून वेतन शिक्षकाने भरावे लागते. दोन महिन्यांची नोटीस दिली, तर एका महिन्याचे. संस्थेने उदार होऊन ही रक्कम सोडली, तर ती शाळेच्या अनुदानातून कापली जाते. संस्थाचालक या बाबतीत हात आखडता घेतात, त्याचे कारण हे आहे.

राजीनाम्याची रीत १९७७ च्या अधिनियमातच दिलेली आहे. पत्राच्या दोन प्रती कराव्यात, दोहोंवर सही व तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे धाडावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी.

पत्र पोहोचले की बहुधा बोलावणे येते. "गुरुजी, थांबा, पुढे मुख्याध्यापकपद तुमचेच." येथे एकच गोष्ट पाहावी: जे देऊ केले आहे, ते देणे सांगणाऱ्याच्या अधिकारात आहे काय? अनुदानित शाळेतील वेतनश्रेणी शासन ठरवते. संस्थेला ती वाढविता येत नाही. मुख्याध्यापकपद सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळते. ज्येष्ठता यादीत या शिक्षकाच्या वर चार नावे असतील, तर त्या शब्दास किंमत नाही. उलट, घराजवळच्या आपल्याच दुसऱ्या शाखेत बदली किंवा वेळापत्रकात सवलत संस्था खरोखर देऊ शकते. असे आश्वासन लेखी आदेशाच्या रूपात, नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी मागावे.

आदेश हाती आला आणि थांबण्याचे ठरले, तर राजीनामा मागे घेता येतो काय? पुढील तारखेपासून अमलात यावयाचा राजीनामा, विपरीत तरतूद नसल्यास, त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र प्रकरणी मान्य केले. माघारीचे पत्रही नोंदणीकृत टपालानेच पाठवावे. संस्थेने तत्पूर्वी कार्यमुक्त केले असेल, तर प्रकरण वादात अडकते. आणि धुळ्याची जागा तोवर बहुधा भरलेली असते.