बाधक स्थान: लाभात, भाग्यात आणि सप्तमात शोधलेला अडथळा

‘पत्रिका चांगली आहे, पण सध्या बाधकेशाची दशा चालू आहे, म्हणून काम अडतंय.’ विवाह जुळत नाही, बढती हातातोंडाशी येऊन निसटते, आजाराचं निदान होत नाही, अशा वेळी ज्योतिष्याकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मंगळ आणि साडेसाती लोकांच्या ओळखीची असते. बाधकेश हा शब्द नवा, त्यामुळे त्याची धास्ती जास्त वाटते. ज्योतिषशास्त्राच्या स्वतःच्या नियमांत या शब्दाला किती वजन आहे, हे एकदा नीट पाहायला हवं.

नियम सोपा आहे. जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते ती लग्नरास. बारा राशींचे तीन गट पडतात. मेष, कर्क, तूळ, मकर या चर राशी. वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ या स्थिर. मिथुन, कन्या, धनू, मीन या द्विस्वभाव. लग्न चर असेल तर त्यापासून अकरावं स्थान बाधक, स्थिर असेल तर नववं आणि द्विस्वभाव असेल तर सातवं. मोजताना लग्नरास पहिली धरायची. बाधक स्थानात जी रास येते तिचा स्वामी तो बाधकेश. मेष लग्नाला अकरावी रास कुंभ, म्हणून शनी बाधकेश. सिंह लग्नाला नववी मेष, म्हणून मंगळ. कन्या लग्नाला सातवी मीन, म्हणून गुरू.

बाराही लग्नं अशी मांडली की दोन गोष्टी दिसतात. पहिली, बाधकेश नाही असं लग्नच नाही. जन्माला आलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत तो असतोच. दुसरी, बाधकाचं नातं राशीच्या स्वभावाशी बांधलेलं आहे. चर लग्नाचं बाधक नेहमी स्थिर राशीत पडतं, स्थिर लग्नाचं चर राशीत, तर द्विस्वभाव लग्नाचं थेट समोरच्या द्विस्वभाव राशीत. जाणकार ज्योतिषी याच मांडणीतून अर्थ काढतात. ज्याचा स्वभाव पुढे सरकण्याचा, त्याला हट्टाने जागेवर बसलेली गोष्ट अडवते. ज्याला स्थैर्य हवं, त्याला सततचे बदल अडवतात. आणि जो दोन्हीकडे झुकतो, त्याला समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं दुमत अडवतं.

खरा पेच पुढे आहे. अकरावं म्हणजे लाभस्थान, नववं म्हणजे भाग्यस्थान, सातवं म्हणजे जोडीदाराचं स्थान. सहावं, आठवं, बारावं ही ज्योतिषात त्रासाची मानलेली स्थानं. बाधक त्यांपैकी एकही नाही. वृषभ लग्नाला शनी नवव्या आणि दहाव्या स्थानाचा स्वामी म्हणून योगकारक, म्हणजे सर्वांत शुभ फळं देणारा ग्रह मानतात. तोच शनी नवमेश म्हणून त्या लग्नाचा बाधकेशही आहे. सिंह लग्नाला मंगळाची आणि कुंभ लग्नाला शुक्राची हीच गत. केवळ ‘बाधकेश’ एवढ्यावरून ग्रह वाईट ठरवला, तर शास्त्रातल्याच दुसऱ्या नियमाला बगल द्यावी लागते.

या संकल्पनेचा सर्वांत विस्तृत वापर केरळात झाला. १६४९ साली तिथे रचल्या गेलेल्या ‘प्रश्नमार्ग’ या संस्कृत ग्रंथात बाधकाचा सविस्तर विचार आहे, आणि तो मुख्यतः प्रश्नकुंडलीच्या अंगाने येतो. केरळातल्या अष्टमंगल प्रश्नात जमिनीवर राशिचक्र आखतात आणि लहान मुलाच्या हातून त्यावर सोन्याचा तुकडा ठेववतात. तो ज्या राशीत पडेल ती आरूढ रास, आणि बाधक या आरूढ राशीपासूनही मोजतात. विचारलेला प्रश्न साधारणपणे असा असतो: उपचार चालू आहेत, प्रयत्न चालू आहेत, तरी गाडं का अडलंय? बाधकेश कोणता, तो कुठल्या राशीत आणि कुठल्या स्थानात बसला आहे, यावरून देवतेचा कोप, सर्पकोप, पितरांची नाराजी, गुरूचा शाप, दृष्ट किंवा करणी यांपैकी कारण शोधतात. उपायही स्थानावरूनच ठरतो: कुठे जप, कुठे पूजा, कुठे बली, कुठे देवासमोर नृत्य किंवा गायन-वादन.

म्हणजे जिथे दिसणारं कारण सापडत नाही, तिथे न दिसणारं कारण शोधण्याचं हे साधन होतं. आपल्याकडे ‘कुलदैवताचं काही राहून गेलंय का’ हा प्रश्न त्याच धाटणीचा आहे. विसाव्या शतकात तामिळनाडूतल्या के. एस. कृष्णमूर्तींनी आपल्या पद्धतीत बाधक स्थानाचा उपयोग दुसऱ्या आणि सातव्या या मारक स्थानांच्या जोडीने आयुर्मर्यादेचा विचार करताना केला. महाराष्ट्रात कृष्णमूर्ती पद्धतीचे अभ्यासक बरेच असल्याने ‘बाधक’ हा शब्द इथे बऱ्याचदा त्या वाटेने कानावर पडतो, आणि मृत्यूची छाया घेऊन येतो. मुळात वेगळ्या प्रश्नांसाठी वापरलेलं साधन मग विवाहाच्या पत्रिकेत जसंच्या तसं येऊन बसतं.

नमुन्यादाखल एक पत्रिका घेऊ. ती कुणा व्यक्तीची नाही, पण ग्रह १९९१ च्या सुरुवातीला आकाशात होते तसेच धरले आहेत. कन्या लग्न. चंद्र मृग नक्षत्रात, जन्माच्या वेळी मंगळाच्या महादशेची सहा वर्षं शिल्लक. त्यानंतर राहूची अठरा, म्हणजे चोविसाव्या वर्षी गुरूची सोळा वर्षांची महादशा सुरू होते. कन्या लग्नाला सातव्या स्थानी मीन, तिचा स्वामी गुरू. तोच विवाहस्थानाचा स्वामी आणि तोच बाधकेश. घरात स्थळं पाहायला सुरुवात झालेली असते आणि निकाल येतो: ‘चाळिशीपर्यंत बाधकेशाची दशा, विवाह कठीण.’

आता पुढची पायरी. गुरू बसलाय कुठे? अकराव्या स्थानी, कर्केत, म्हणजे उच्चीचा आणि लाभात. तिथून त्याची पाचवी, सातवी आणि नववी दृष्टी मोजली तर नववी दृष्टी मीनेवर, म्हणजे त्याच्याच सप्तमस्थानावर पडते. स्वतःच्या घरावर उच्चीच्या गुरूची दृष्टी असेल, तर ते स्थान बळकट होतं असं हेच शास्त्र सांगतं. शिवाय विवाहाचा कारक शुक्र सप्तमातच, मीनेत, उच्चीचा आहे. एवढं पाहिल्यावर ‘विवाह नाही’ हे भाकीत शास्त्राच्याच कसोटीवर उभं राहत नाही.

मग उशीर कुठून येतो? शनी पाचव्या स्थानी, मकरेत आहे. कन्या लग्नाला तो पाचव्या आणि सहाव्या स्थानाचा स्वामी. शनीची तिसरी दृष्टी मकरेपासून मोजली तर मीनेवर येते. षष्ठेश शनी सप्तमाकडे पाहतो, आणि विवाहाला विलंब सांगताना ज्योतिषी बाधकेशाच्या कितीतरी आधी याच योगाकडे बोट दाखवतात. गुरूच्या महादशेत पहिली अंतर्दशा गुरूचीच, त्यानंतर अडीच वर्षं शनीची. त्या काळात बोलणी फिसकटली तर शनीचा योग त्याचं कारण म्हणून सांगता येतो. बाधकेशाला ओढून आणायची गरज नाही. शुक्र दुसऱ्या आणि नवव्या स्थानाचा स्वामी. त्याची अंतर्दशा साधारण बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, आणि बहुतेक ज्योतिषी विवाहाचा काळ म्हणून तिच्याकडे पाहतील. काही जण त्याआधीची, लग्नेश बुधाची अंतर्दशा धरतील. एकाच पत्रिकेवरून दोन जाणत्या माणसांत काही वर्षांचा फरक पडू शकतो, हेही इथेच दिसतं.

आणखी एक हिशेब. मिथुन, कन्या, धनू आणि मीन या चारही लग्नांना सप्तमेश हाच बाधकेश आहे. बारापैकी चार लग्नं! एवढ्याने विवाह अडत असता तर समाजातल्या फार मोठ्या गटाचा विवाह अडला असता. म्हणून बाधकेशपण हा स्वतंत्र दोष मानता येत नाही. अभ्यासू ज्योतिषीही तो सहाव्या, आठव्या, बाराव्या स्थानांशी किंवा पापग्रहांशी जोडला गेला आहे का, हे पाहूनच बोलतात.

चुका प्रत्यक्षात कुठे होतात, तर अगदी सुरुवातीला. आपल्यापैकी बहुतेकांना आपली रास ठाऊक असते, पण ती चंद्राची. जन्मपत्रिकेतलं बाधक सहसा लग्नापासून मोजतात. रास वृषभ म्हणून शनी बाधकेश, असं कुणी म्हटलं आणि लग्न कर्क निघालं, तर खरा बाधकेश शुक्र असतो. पुढचं सगळं भाकीत चुकीच्या ग्रहावर उभं राहतं. दुसरी अडचण जन्मवेळेची. लग्न सुमारे दोन तासांत रास ओलांडतं, म्हणजे साधारण चार मिनिटांत एक अंश. मिथुन लग्नाचा शेवटचा अंश असेल आणि नोंदलेल्या वेळेत पाच-सहा मिनिटांचा फरक असेल, तर लग्न कर्क होतं. तेवढ्याने बाधक स्थान सातव्यावरून अकराव्यावर जातं आणि बाधकेश गुरूऐवजी शुक्र होतो. घरच्या आठवणीवर नोंदलेल्या जन्मवेळेत एवढा फरक सहज असतो. म्हणून लग्नाचे अंश किती, हे पत्रिकेत आधी पाहावं. ते पहिल्या किंवा शेवटच्या अंशात असेल तर बाधकेशावर बेतलेलं कुठलंही विधान जपून घ्यावं.

हे सारं ज्योतिषाच्या चौकटीतलं. ग्रहांमुळे विवाह किंवा नोकरी अडते याला विज्ञानाचा आधार नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद हे सांगितलं. त्यांची उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवूनही तेवढीच आली असती. त्या चाचणीत बाधकाचा प्रश्न नव्हता. पण ज्या पत्रिकेवर बाधकेश उभा आहे, तिच्यावर किती भार टाकावा याचा अंदाज त्यातून येतो.

तरीही अनेक घरांत पत्रिका पाहिली जातेच, आणि नुकसान होतं ते ‘बाधकेश’ ऐकून माणसं थांबतात तेव्हा. आलेलं स्थळ नाकारलं जातं, डॉक्टरकडे जाणं लांबतं, किंवा न परवडणाऱ्या शांतीसाठी कर्ज काढलं जातं. असा निकाल ऐकल्यावर ज्योतिष्याला तीनच गोष्टी विचाराव्यात. बाधक लग्नापासून मोजलंय का आणि लग्नाचे अंश किती? बाधकेश कुठे बसलाय आणि कुणाच्या दृष्टीत आहे? अडचणीचं दुसरं काही कारण पत्रिकेत दिसतं का? प्रामाणिक ज्योतिषी ही उत्तरं पत्रिकेवर बोट ठेवून देतो. ती देता येत नसतील तर त्या निकालावर कुठलाही निर्णय घेऊ नये, आणि खर्च तर मुळीच करू नये.