मावळतीच्या उन्हातला बंगला

बंगल्याच्या माहितीपत्रकासाठी बाहेरून काढायचा फोटो शक्यतो सूर्य कलल्यावर काढतात. सूर्य क्षितिजापासून सुमारे ६ अंशांवर आला की त्याचे किरण हवेच्या बऱ्याच जाड थरातून येतात, निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि भिंतीवर सोनेरी ऊन पडते. छायाचित्रकार याला ‘गोल्डन आवर’ म्हणतात, पण पुण्याच्या अक्षांशावर हा ‘तास’ जेमतेम २५ ते २८ मिनिटांचा असतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर राहिला तर तोही रंग धुऊन निघतो, म्हणून तो ‘डेलाइट’वर ठेवतात.

पहिला प्रश्न बंगल्याचे तोंड कुठे आहे हा. पश्चिमाभिमुख घराच्या दर्शनी भागावर संध्याकाळी ऊन पडते तेव्हा सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असतो. म्हणजे घरामागे दिसते ते पूर्वेचे आकाश, फिकट निळे, फार तर खालच्या कडेला गुलाबी झाक असलेले. दर्शनी भिंत सोन्यासारखी उजळलेली आणि तिच्याच मागे केशरी सूर्यास्त, असे चित्र दिसले की आकाश दुसरीकडून आणून चिकटवले आहे हे नक्की. फोटोशॉपमध्ये २०२० पासून आकाश बदलण्याची तयार सोयच आहे, त्यामुळे हा प्रकार बोकाळला. पूर्वाभिमुख घराला संध्याकाळी असले ऊन मिळतच नाही. तिथे सूर्योदयानंतरचा अर्धा तास गाठावा लागतो. पहाटे उठायचा कंटाळा हे बनावट आकाशाचे एक मोठे कारण असावे.

हिरवळीची अडचण वेगळी आहे. पश्चिमाभिमुख बंगला ४० फूट रुंद व कठड्यापर्यंत २२ फूट उंच आहे, आणि समोर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ४५ फूट लॉन आहे, असे धरू. भिंत ५ फुटांची. सूर्य १० अंशांवर असताना तिची सावली २८ फूट पसरते आणि ६ अंशांवर आला की सुमारे ४७ फूट, म्हणजे सगळे लॉन सावलीत. घर सोनेरी व्हायला लागते नेमके तेव्हाच गवत काळवंडते. दोन्ही उजळ हवे असतील तर सूर्य १२-१५ अंशांवर असतानाच, सूर्यास्ताच्या साधारण तासभर आधी फोटो काढावा. सोनेरीपणा थोडा कमी मिळेल. नाहीतर सावली आहे तशी दाखवावी. सावलीतले गवत संगणकावर पोपटी केले की ते लगेच उघडे पडते: शेजारच्या झाडाची लांब सावली भिंतीवर पडलेली असते आणि लॉनवर मात्र भर दुपार. मे महिन्यात वाळलेले गवत हिरवे करणे तर सरळ फसवणूक. आदल्या आठवड्यात पाणी देऊन दोन दिवस आधी कापणी केली, तर त्याला कोणी हरकत घेणार नाही.

प्रमाण बिघडते ते कॅमेरा फार जवळ नेल्याने. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स लावून ४० फुटांवर उभे राहिले की चौकटीत भिंतीच्या पातळीला ६० फूट रुंदी मावते. १६ मिमी लेन्सने तेवढीच रुंदी २७ फुटांवरून मावते. कॅमेरा ५ फूट उंचीवर, अगदी समतल असेल तर दोन्ही फोटोंत गवताचा पट्टा सारख्याच उंचीचा येतो. पण पहिल्या फोटोत त्या पट्ट्यात ३० फूट लॉन असते आणि दुसऱ्यात २० फूटच ताणून बसवलेले. ८ फूट पुढे आलेला पोर्चही मागच्या भिंतीच्या मानाने २४ मिमीत सव्वापट दिसतो, १६ मिमीत जवळपास दीडपट.

समतल कॅमेऱ्यात कठड्यावर जेमतेम ३ फूट आकाश उरते, म्हणून हात आपोआप कॅमेरा वर उचलतो आणि भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकतात. शिफ्ट लेन्स असेल तर कॅमेरा समतल ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते. ५ मिमी सरकवली की चौकट ८ फूट वर जाते. संगणकावर भिंती सरळ केल्या तर बंगला बहुधा उंच आणि सडपातळ होतो. तपासणी मोजपट्टीने होते: समोरून काढलेल्या फोटोत दर्शनी भिंत २० सेंमी रुंद छापली गेली, तर तिची उंची ११ सेंमीच भरली पाहिजे.

रबरी नळी, गाडी, वाळत घातलेले कपडे फोटोआधी हलवावेत. विजेचा खांब, शेजारची इमारत, वरून जाणाऱ्या तारा मात्र ग्राहक पाहायला येईल तेव्हाही तिथेच असणार, त्या पुसू नयेत. विकासकाने दिलेल्या जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर पैसे व्याजासह परत मिळतात. जुना बंगला विकणाऱ्या एकट्यादुकट्या मालकाला मात्र हे कलम लागत नाही.