गाडी तीच, गिऱ्हाईक वेगळं

१९०८ च्या ऑक्टोबरात हेन्री फोर्डची मॉडेल टी विक्रीला आली तेव्हा तिची किंमत होती ८५० डॉलर. १९२४ च्या अखेरीस तशीच चार-पाच माणसं बसणारी उघडी गाडी २९० डॉलरला मिळत होती. सोळा वर्षांत जवळजवळ एकतृतीयांश! आणि ही किंमत गाडी रखडली म्हणून उतरवलेली नव्हती. त्या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळपास अर्ध्या मॉडेल टीच होत्या. तरीही पुढच्या अडीच वर्षांत तिचं उत्पादन बंद करावं लागलं. इतकं स्वस्त, इतकं टिकाऊ, घरोघरी माहीत असलेलं उत्पादन इतक्या झपाट्याने कसं संपतं?

बाजारात आलेल्या वस्तूच्या आयुष्याचे चार टप्पे मानतात: प्रवेश, वाढ, परिपक्वता आणि उतरण. हार्वर्डच्या थिओडोर लेविट यांनी १९६५ मध्ये या कल्पनेचा व्यवहारात उपयोग कसा करावा, यावर गाजलेला लेख लिहिला. विक्रीचा आलेख आधी हळू चढतो, मग उसळतो, सपाट होतो आणि घसरतो. पण निव्वळ आलेख पाहून आपण आज कुठे उभे आहोत हे कळत नाही, कारण सपाटी ही सपाटी असल्याचं ती ओलांडल्यावरच दिसतं. माझ्या मते त्याहून चांगली खूण एका प्रश्नात आहे: आज ही वस्तू विकत कोण घेतंय? मॉडेल टीची सगळी कहाणी या प्रश्नाने उलगडते.

सुरुवातीला गिऱ्हाईक असतं ते शंकेखोर. १९०८ मध्ये मोटार म्हणजे श्रीमंतांचं खेळणं, आणि खेड्यातले रस्ते म्हणजे चिखल. अशा वेळी प्रचाराचं काम एकच, विश्वास बसवणं. १९०९ मध्ये न्यूयॉर्क ते सिएटल अशी खंड ओलांडणारी शर्यत झाली. फोर्डची हलकी टी चिखलातून वाट काढत पहिली पोचली. काही महिन्यांनी, वाटेत इंजिन बदलल्याच्या कारणावरून, हा मान काढून घेतला गेला. पण तोवर विजयाची बातमी देशभर पसरली होती आणि कंपनीने तिचा पुरेपूर वापर केला होता. त्या वर्षी मागणी एवढी होती की काही आठवडे नवीन नोंदणी थांबवावी लागली. मग १९१० सालच्या गाडीची किंमत वाढवून ९५० डॉलर केली गेली. कारखान्यातून पुरेशा गाड्या निघत नसताना किंमत उतरवून रांग आणखी लांबवण्यात काय अर्थ?

यानंतर खरं नवल घडलं. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणीपट्टी आली. सांगाडा जुळवायला आधी बारा तासांहून अधिक लागत, ते काम वर्षभरात सुमारे दीड तासावर आलं. आता गाड्या भरपूर होत्या, आणि दारात उभं होतं वेगळंच गिऱ्हाईक: शेतकरी, कारागीर, ज्यांनी आयुष्यात गाडी घेतली नव्हती. त्यांना गाडीची उपयुक्तता पटलेली होती. अडत होतं ते पैशांपाशी. म्हणून वाढीच्या टप्प्यात किंमत हेच मुख्य हत्यार झालं. १९१६ पर्यंत ती ३६० डॉलरवर आली. किंमत उतरली की खालचा एक नवा थर गाडी घेऊ शके, संख्या वाढली की गाडीमागचा खर्च उतरे, आणि पुन्हा किंमत उतरवता येई.

१९१४ मध्ये फोर्डने जाहीर केलं की वर्षभरात तीन लाख गाड्या खपल्या तर प्रत्येक खरेदीदाराला काही रक्कम परत देऊ. खपल्या, आणि प्रत्येकाला ५० डॉलर मिळाले. एकाच घोषणेत किंमतही उतरली आणि प्रचारही झाला, कारण आता प्रत्येक गिऱ्हाइकाला शेजाऱ्यानेही फोर्डच घ्यावी असं वाटू लागलं!

वितरणाचंही तसंच. १९१२ च्या सुमारास फोर्डचे देशभर सात हजारांच्या आसपास विक्रेते होते, अगदी लहान गावांतसुद्धा. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला ती कुठे दुरुस्त होईल, सुटे भाग कुठे मिळतील याची धास्ती असते. गावात विक्रेता असणं हेच तिचं उत्तर होतं. हे जाळं इतकं घट्ट होतं की १९१७ ते १९२३ या काळात कंपनीने स्वतः देशव्यापी जाहिरात जवळपास केलीच नाही.

आणि याच काळात गिऱ्हाईक पुन्हा बदललं. १९२० नंतर गाडी घ्यायला येणाऱ्याकडे बहुधा आधीच एक गाडी असे, तीही बऱ्याचदा टी. परिपक्वतेची खरी खूण हीच: नवे लोक संपत येतात आणि खरेदी मुख्यतः बदलीची होते. अशा माणसाला तीच गाडी आणखी वीस डॉलरने स्वस्त दिली तरी तो हलत नाही. त्याला आरामशीर, बंद, रंगीत गाडी हवी असते. आणि ज्याला फक्त स्वस्त हवी, त्याच्यासाठी जुनी, वापरलेली टी आणखी कमी पैशांत उभी असते. मला थक्क करतं ते हेच: टिकाऊपणामुळे टी स्वतःचीच प्रतिस्पर्धी झाली होती. १९१४ साली अचूक असलेला उपाय १९२४ साली निरुपयोगी ठरला, आणि उपायात काहीच बदललं नव्हतं.

जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी हे ओळखलं. त्यांनी शेव्हरोलेची किंमत टीपेक्षा वरच ठेवली, पण फार वर नाही, आणि त्या फरकात जास्त सोयी दिल्या. कंपनीची कर्जसंस्था १९१९ पासूनच हप्त्यांवर गाडी देत होती, म्हणजे तो फरक महिन्याला थोडासाच जाणवे. दरवर्षी रूप बदलून, जाहिरातीत वेगळेपण ठसवून, त्यांनी जुनी गाडी असलेल्याला ती जुनी वाटायला लावली. फोर्डनेही १९२३ मध्ये एक योजना काढली: दर आठवड्याला पाच डॉलर साठवा, पूर्ण रक्कम जमली की गाडी घेऊन जा. समोरचा गाडी आज देत होता, फोर्ड वाट पाहायला सांगत होता.

विक्रेत्यांची परवडही इथेच. वाढीच्या काळात जास्त गाड्या विक्रेत्याकडे पाठवल्या तर त्या खपत. पण १९२० च्या शेवटी मंदी आली तेव्हा फोर्डने न मागितलेल्या गाड्याही विक्रेत्यांकडे धाडल्या आणि पैसे मात्र रोख घेतले. बँकेकडून उसने काढून त्यांनी भार सोसला. कारखान्यातून गेलेल्या गाड्यांचा आकडा अशा वेळी फसवा असतो; विक्रेत्याच्या अंगणात किती उभ्या आहेत आणि प्रत्यक्ष ग्राहकाच्या घरी किती गेल्या, हेच मोजावं लागतं.

१९२६ च्या आरंभी अर्नेस्ट कान्झलर या अधिकाऱ्याने फोर्डला सहा पानी टिपण लिहून नव्या गाडीचा आग्रह धरला. त्याच वर्षी त्यांना कंपनी सोडावी लागली. टीला पुन्हा रंग दिले गेले, किंमत आणखी छाटली गेली. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी टी बाहेर पडली आणि उत्पादन थांबलं. पुढची मॉडेल ए तयार नव्हती. ती डिसेंबरात आली, आणि तोवर कारखाने जवळपास सहा महिने बंद राहिले. बदलीची गाडी जुनी गाडी शिखरावर असताना तयार व्हायला हवी होती, कारण नव्या वस्तूच्या तोट्याच्या काळाचा खर्च जुनीच्याच नफ्यातून निघतो.

उतरणीच्या टप्प्यात प्रचारावर पैसा ओतणं व्यर्थ असतं. उरलेल्या ग्राहकाला वस्तू माहीतच असते. किंमत पाडायचीही गरज नसते, कारण त्याला दुसरं काही नको असतं. वितरणही त्याच्यापुरतं आवरतं घ्यायचं. टीच्या बाबतीत हा टप्पा गाडीऐवजी इंजिनाच्या वाट्याला आला. रस्त्यांवर लाखो टी धावत होत्या, त्यांना भाग लागत होते. म्हणून गाडी बंद झाल्यानंतरही टीची इंजिनं बनत राहिली, १९४१ पर्यंत.