तबल्याच्या शाईत लपलेला गांधार

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की काही क्षणांनी तिच्यातून गांधार ऐकू येऊ लागतो. तो स्वर कुणी वाजवलेला नसतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू म्हणतात. डफावर थाप मारली तर असा गांधार कधीच निघत नाही. तार आणि कातडं दोन्ही ताणलेलीच असतात, दोन्ही थरथरतात. मग हा फरक कशामुळे पडतो?

तार एकाच वेळी अनेक प्रकारांनी कंप पावते. ती अख्खी वरखाली होते, त्याच वेळी मधला बिंदू स्थिर ठेवून दोन भागांत हलते, तीन भागांत हलते, आणखी पुढे. अर्धी तार ही लहान का होईना, पण तारच असते. ताण तोच आणि लांबी निम्मी, म्हणून कंपनसंख्या बरोबर दुप्पट. तिसऱ्या भागाची तिप्पट, पाचव्या भागाची पाचपट. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे पंचम आणि पाचपट म्हणजे तो गांधार.

गोल कातड्याचंही असंच विभाजन होतं, पण अर्धं वर्तुळ हे वर्तुळ नसतं. सगळी अडचण इथेच आहे. व्यासावरची रेषा स्थिर राहून कातड्याचे दोन अर्धगोल आळीपाळीने वरखाली होतात, तेव्हा कंपनसंख्या दुप्पट होत नाही, १.५९ पट होते. कातडं दोन व्यासांनी चार भागांत विभागलं तर २.१४ पट. शिवाय तारेकडे नसलेली एक सोय कातड्याकडे आहे: मधली चकती वर जाताना बाहेरचं कडं खाली जाऊ शकतं. त्यांच्यामधलं स्थिर वर्तुळ त्रिज्येच्या निम्म्यावर येत नाही, केंद्रापासून सुमारे ४४ टक्क्यांवर येतं, कारण केंद्रातून निघालेली लाट जसजशी बाहेर सरकते तसतशी तिला अधिकाधिक मोठ्या परिघावर पसरावं लागतं. या प्रकाराची कंपनसंख्या २.३० पट. म्हणजे साध्या कातड्याचा मूळ स्वर २०० हर्ट्झ धरला तर वरचे स्वर ३१९, ४२७, ४५९, ५३१ असे कुठेही पडतात. कानाला त्यांतून एक सूर जमवता येत नाही. ऐकू येतो तो नुसता ठोका.

तबला आणि मृदंग मात्र सुरात बोलतात. याचं कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलं. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये छोटं टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये विस्तृत लेख प्रसिद्ध केला. कातड्यावर बारीक वाळू पसरायची, वाजवायचं, आणि वाळू कोणत्या स्थिर रेषांवर गोळा होते ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत होती. कातड्याचे नऊ कंपनप्रकार मिळून जेमतेम पाच स्वर देतात, आणि ते पाच एक-दोन-तीन-चार-पाच या पटींतच असतात, असं त्यांना आढळलं.

ही किमया शाईची. लोहचूर्ण आणि खळ यांचा लेप थरावर थर देऊन मध्यभागी जाड केला जातो आणि दगडाने घासला जातो. घासताना त्याला बारीक भेगा पडतात, त्यामुळे जड असूनही तो लवचीक राहतो. वजन मधोमध असल्याने ज्या प्रकारात केंद्र जोराने हलतं तो सर्वांत मंदावतो. मघाचेच आकडे घेऊन नुसतं गणित करू. २०० चा मूळ स्वर १२५ पर्यंत उतरवला तर ३१९ ला २५० वर यावं लागेल, ४२७ आणि ४५९ या दोघांना ३७५ वर, ५३१ ला ५०० वर. चार व्यासांच्या प्रकाराला ६३१ वरून फक्त ६२५ वर. व्यास वाढत जातात तसा केंद्राजवळचा भाग अधिकाधिक निश्चल होतो आणि तिथल्या वजनाचा परिणाम घटत जातो. हवी तशीच ही उतरण शाई देऊ शकते, मात्र थर आणि घेर नेमके जमले तरच. शाईचे टवके उडाले की हे नातं मोडतं आणि चाट कितीही सुरात लावली तरी आवाज फुटका येतो.

'ना' वाजवताना हे बोटाने तपासता येतं. अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर पडते. मूळ प्रकारात सगळंच कातडं हलत असल्याने टेकलेलं बोट त्याला दाबून टाकतं. ज्या प्रकाराची स्थिर रेषा त्या बोटाखालून जाते तो एक व्यासाचा प्रकार मात्र सुटतो आणि ठळक होतो. म्हणजे गायकाच्या षड्जाला लावलेला तबला 'ना'मध्ये आपला दुसरा स्वर पुढे करत असतो. अनामिका उचलून शाईवर 'तूं' वाजवला की खालचा, मूळ स्वर मोकळा होतो. तो नेमका निम्म्यावर बसलेला नसेल, आणि बऱ्याच तबल्यांत तो किंचित चढाच असतो, तर 'तूं' आणि 'ना' एकमेकांशी फटकून वागतात.

डग्ग्याची शाई मध्यभागी नसते, एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे तिथे स्थिर रेषांची ही वर्तुळाकार शिस्त टिकत नाही आणि दायाँचं गणित जसंच्या तसं लागू पडत नाही.