सीबवैहिचं नाव बदलत नाही

अरबी व्याकरणाचा पाया ज्याच्या ग्रंथाने घातला तो सीबवैहि मूळचा इराणी. आठव्या शतकात तो इराकमधल्या बसरा शहरात येऊन शिकला. त्याच्या ग्रंथाला लोक नुसतं ‘अल-किताब’ म्हणतात, म्हणजे ‘ते पुस्तक’. वेगळं नाव द्यायची गरजच कुणाला वाटली नाही. अरबी शब्दांची टोकं केव्हा आणि कशामुळे बदलतात, हे त्याने त्यात तपशिलाने मांडलं. गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या नावाचं टोक काही केल्या बदलत नाही.

मराठीत आपण ‘मुलगा’चं ‘मुलाला’, ‘मुलाने’ करतो. वाक्यातलं काम बदललं की शब्दाला नवा प्रत्यय येतो. अरबीत हे काम बहुतेक वेळा शेवटच्या एका स्वरावर भागतं. कर्त्याला उ, कर्माला अ, आणि ‘-जवळ’, ‘-पासून’ अशा अर्थाच्या शब्दांमागून येणाऱ्या नामाला इ. झैद नावाचा माणूस आला तर ‘जाअ झैदुन्’. मी झैदला पाहिलं तर ‘रअय्तु झैदन्’. मी झैदच्या जवळून गेलो तर ‘मरर्तु बि-झैदिन्’. (यातला आणि पुढच्या शब्दांतला शेवटचा अ संस्कृतासारखा पूर्ण उच्चारायचा.)

आता झैदच्या जागी सीबवैहिला बसवा. जाअ सीबवैहि, रअय्तु सीबवैहि, मरर्तु बि-सीबवैहि. तिन्ही वाक्यांत शेवटी तीच इ. ‘वैहि’ने संपणारी जुनी इराणी घाटाची नावं अरबांनी उचलली आणि ती अशी इवर कायमची बसवली.

अशा शब्दाला ‘मबनी’ म्हणतात; शब्दशः ‘बांधलेला’, इमारत बांधतात तसा. बदलतो तो ‘मुअरब’. मबनीला मराठीतलं ‘अव्यय’ समजू नये. ‘हाझा’ म्हणजे हा, ‘हाझिही’ म्हणजे ही, ‘हाउलाइ’ म्हणजे हे सगळे. लिंग आणि वचन बदललं की इथे शब्दच बदलतो. पण त्यातल्या प्रत्येकाचं टोक वाक्यातल्या कामामुळे हलत नाही, म्हणून ते मबनी.

ओळखायची जुनी रीत वरच्या तीन वाक्यांचीच आहे. भारतातल्या मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जाणारं ‘नहव मीर’ हे फारसी पुस्तकही मबनीची ओळख ‘हाउलाइ’ने करून देतं. मुलं ते घोकतात, पण ‘हाउलाइ’ नुसता न ठेवता त्याला ‘रिजाल’ म्हणजे पुरुष हा शब्द जोडून पाहावा, खरी मजा तिथे आहे. ‘हे पुरुष आले’ म्हणताना ‘हाउलाइर्-रिजालु’. ‘या पुरुषांना पाहिलं’ म्हणताना ‘हाउलाइर्-रिजाल’. ‘या पुरुषांजवळून गेलो’ म्हणताना ‘बि-हाउलाइर्-रिजालि’. ‘हाउलाइ’ जिथल्या तिथे, आणि त्याच्यामागून येणारा ‘रिजाल’ मात्र उ, अ, इ असा फिरतो. म्हणजे कर्त्याची किंवा कर्माची जागा ‘हाउलाइ’लाही मिळालेलीच असते; ती त्याच्या अंगावर दिसत नाही, सोबत्याच्या अंगावर दिसते. वाक्य सोडवून दाखवताना म्हणून विद्यार्थी एका दमात दोन गोष्टी सांगतो: हा शब्द इवर बांधलेला आहे, आणि जागा कर्त्याची आहे.

सीबवैहिने याही पुढे जाऊन एक बारीक गोष्ट केली. वाक्यातल्या कामामुळे आलेल्या उला त्याने ‘रफअ’ म्हटलं, आणि शब्दात मुळातच बांधलेल्या उला ‘झम्म’. कानाला दोन्ही सारखेच. पण एक पाहुणा आहे आणि दुसरा घरचा, हे नावावरून कळायला हवं होतं. अ आणि इ यांनाही त्याने अशीच दोन-दोन नावं ठेवली. मला विचाराल तर मबनीची अख्खी कल्पना या एका सवयीत येते.

तीन वाक्यांची परीक्षा फसते तीही दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण वाक्याचा शेवट. अरबी बोलताना थांबलं, की शेवटचा ऱ्हस्व स्वर सहसा गळतो. ‘मरर्तु बि-झैद’ एवढंच ऐकू येतं. तेव्हा तपासायचा शब्द वाक्याच्या मध्ये असावा. दुसरं ठिकाण आकारान्त नामांचं. ‘अल-फता’ म्हणजे तरुण. तो आला, त्याला पाहिलं, त्याच्याजवळून गेलो, तिन्ही वेळा ‘अल-फता’च. नवशिका त्याला हमखास मबनी ठरवतो. पण दोष त्या दीर्घ आचा आहे, त्याच्यावर दुसरा स्वर बसूच शकत नाही. त्याच जागी ‘अल-वलद’ म्हणजे मुलगा ठेवून बघा, लगेच वलदु, वलद, वलदि होतं. नामांचा वर्ग बदलणारा आहे, फक्त या एका शब्दाचा बदल झाकला गेला आहे. ‘हाउलाइ’च्या जागी ‘हाझा’ किंवा ‘हाझिही’ ठेवलं तर तेही हलत नाहीत. तिथे अख्खा वर्गच बांधलेला आहे.

म्हणून सरावलेला वाचक दर वेळी परीक्षा घेत बसत नाही, वर्ग ओळखतो. सर्वनामं, दर्शक शब्द, ‘जो-जी’ अर्थाचे शब्द, बहुतेक प्रश्नार्थक शब्द आणि सगळे जोडशब्द हे बांधलेले. तेराव्या शतकातल्या इब्न मालिकने आपल्या हजारेक ओळींच्या पद्यव्याकरणात त्याचं कारण दिलं आहे: जी नामं या जोडशब्दांसारखी वागतात ती त्यांच्यासारखीच गोठतात. कुणी एकदोन अक्षरांएवढं आखूड असतं, तर ‘जो’सारखं कुणी पुढच्या वाक्यावाचून अपुरं असतं. ‘हे दोघे’ मात्र या रांगेतून फुटतो, कारण त्याला द्विवचनाचा प्रत्यय लागतो: कर्ता असताना ‘हाझानि’, एरवी ‘हाझैनि’. आकड्यांतही तेच. अकरा म्हणजे ‘अहद अशर’, दोन्ही शब्द अवर पक्के. तेरा ते एकोणीसही तसेच. मध्ये बारा तेवढा ‘इस्ना अशर’चा ‘इस्नै अशर’ होतो.

आणि एक शब्द असा, की तो कधी सुटा असतो तर कधी बांधलेला. ‘बअ्द’ म्हणजे नंतर. ‘दुपारनंतर’ म्हणायचं तर ‘बअ्दझ्-झुहरि’, आणि मागे ‘मिन्’ आला की ‘मिन् बअ्दिझ्-झुहरि’. अचा इ झाला, म्हणजे शब्द बदलणारा. पण कशानंतर ते मनात ठेवून उच्चारलंच नाही, तर तो ‘बअ्दु’ होऊन तिथेच गोठतो. मिन् लावला तरी ‘मिन् बअ्दु’. उच का, तर पुढे नाम असताना या शब्दाला अ किंवा इ येतो, उ येत नाही. तेव्हा उ ऐकू आला की काहीतरी गाळलं आहे हे कळतं.

आपल्याकडे शुक्रवारच्या नमाजाआधी मशिदीत अरबी खुत्बा होतो. त्यात आधी अल्लाहची स्तुती येते, मग मुद्द्याकडे वळताना इमाम म्हणतात, ‘अम्मा बअ्द’. कशानंतर, ते बोलत नाहीत. स्तुती नुकतीच झालेली असते. तिथे ते श्वास घ्यायला थांबले तर उ ऐकू येत नाही. न थांबता पुढचा ‘फ’ जोडला, तर ‘बअ्दु’ स्पष्ट कानावर पडतो.