‘शंभर व्होल्ट’चा खरा अर्थ : परदेशी उपकरणावरील पट्टी कशी वाचावी

जपानहून परतणाऱ्या प्रवाशांच्या सामानात भात शिजवणारा विजेचा कुकर, केस वाळवण्याचे यंत्र किंवा पाणी तापवणारी किटली हमखास असते. उपकरणाच्या तळाशी किंवा मागे जपानी लिपीतील एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरला की भाषांतर क्षणात मिळते : निर्धारित व्होल्टेज १०० व्होल्ट, वारंवारता ५०-६० हर्ट्झ, निर्धारित वीजवापर १००० वॅट. शब्दांचे भाषांतर बरोबर असते आणि आकडे तर जसेच्या तसे येतात. मात्र त्या आकड्यांचा भारतातील घरासाठी काय अर्थ होतो, हे भाषांतर सांगत नाही.

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, भारतात ती २३० व्होल्टची असते. पट्टीवरील ‘१०० व्होल्ट’ ही उपकरणाची मागणी आहे. त्यापेक्षा जास्त दाब आल्यास ते आपणहून जुळवून घेईल, असे आश्वासन त्यात नाही.

‘५०-६०’चा भ्रम

सर्वाधिक फसगत वारंवारतेच्या आकड्यामुळे होते. भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे आणि पट्टीवर ‘५०-६० हर्ट्झ’ असे लिहिलेले आहे. तेव्हा हे उपकरण सर्व देशांत चालणारे असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ही नोंद जपानच्या अंतर्गत गरजेतून आलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोसाठी जर्मन बनावटीची, तर ओसाकासाठी अमेरिकन बनावटीची जनित्रे घेतली गेली. परिणामी आजही पूर्व जपानमध्ये ५० आणि पश्चिम जपानमध्ये ६० हर्ट्झची वीज वापरली जाते. त्या देशात कुठेही चालणाऱ्या उपकरणावर दोन्ही आकडे असतात, पण व्होल्टेज मात्र शंभरच राहते. म्हणून परदेशी उपकरण भारतात चालेल की नाही, हे ठरवताना प्रथम व्होल्टचा आकडा पाहावा, हर्ट्झचा त्यानंतर.

पट्टीवर ‘१००-२४० व्होल्ट’ असा पल्ला दिलेला असेल, तर ते उपकरण भारतात थेट वापरता येते. मोबाइल व लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. १००च्या पुढे केवळ एक नागमोडी रेघ असेल, तर ती ‘शंभरपासून पुढे’ अशी वाचू नये. विद्युत चिन्हांत एकट्या नागमोडी रेघेचा अर्थ ‘प्रत्यावर्ती प्रवाह’, म्हणजेच एसी, इतकाच असतो. पल्ला मानायचा असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंना आकडे असावे लागतात.

हजार वॅटचे पाच हजार वॅट

तापक तार असलेला १०० व्होल्ट, १००० वॅटचा मोठा कुकर उदाहरणादाखल घेऊ. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. त्यामुळे जपानमध्ये हा कुकर १० अँपिअर प्रवाह घेतो आणि त्याच्या तारेचा रोध १० ओहम भरतो. भारतात आणल्याने हा रोध जवळपास बदलत नाही, बदलतो तो दाब. २३० व्होल्टला १० ने भागले की २३ अँपिअर मिळतात, आणि २३० गुणिले २३ म्हणजे ५,२९० वॅट. दाब २.३ पट झाला, पण उष्णता ५.३ पट झाली, कारण दाबाबरोबर प्रवाहही तितकाच वाढतो. पट्टीवर हजार वॅट लिहिले असले तरी तो आकडा शंभर व्होल्टपुरताच खरा असतो.

घरातील एमसीबी अशा वेळी वाचवील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. एमसीबीच्या मानकानुसार निर्धारित क्षमतेच्या १.४५ पट प्रवाहाला ती एका तासाच्या आत तुटली पाहिजे. १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी २३ अँपिअर म्हणजे १.४४ पट. याचा अर्थ, ती बराच वेळ तशीच जोडलेली राहू शकते. गळती ओळखणारी आरसीसीबी तर अशा अतिरिक्त भाराकडे लक्षच देत नाही; तिचे काम वेगळे आहे.

व्यवहारात बहुतेक वेळा आधी उपकरणच बंद पडते. आतील दाबरोधक घटक फुटून ‘फट्’ असा आवाज येतो, जळका वास सुटतो किंवा उष्णता-फ्यूज वितळतो. मात्र साध्या तापक उपकरणात असा इलेक्ट्रॉनिक भाग नसल्यास तार लाल होऊन प्लास्टिक वितळेपर्यंत काहीच लक्षात न येण्याची शक्यता असते. असे उपकरण एकदा जोडले गेले असेल, तर ते तपासून घेतल्याशिवाय योग्य दाबावरही पुन्हा वापरू नये.

अडॅप्टर आणि ट्रान्सफॉर्मर

दुकानात वीस-पन्नास रुपयांना मिळणारा अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो. त्यातून २३० व्होल्ट जसेच्या तसे पुढे जातात. दाब उतरवण्यासाठी ‘स्टेप-डाउन’ ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची पट्टीही तितक्याच बारकाईने वाचावी लागते.

पहिली बाब क्षमतेची. ट्रान्सफॉर्मरची क्षमता ‘व्होल्ट-अँपिअर’मध्ये लिहिलेली असते. हजार वॅटच्या कुकरसाठी किमान हजार आणि सुरक्षिततेसाठी दीड हजार व्होल्ट-अँपिअरचा, अखंड वापरासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर घ्यावा. असा ट्रान्सफॉर्मर हाताला जड लागतो. मोठ्या क्षमतेचा दावा करणारी तळहाताएवढी हलकी प्रवासी साधने विजेची लहर कापून दाब घटवतात. ती साध्या तापक तारेपुरती ठीक असली, तरी संगणकीय नियंत्रण असलेल्या कुकरला घातक ठरू शकतात.

दुसरी बाब बाहेर पडणाऱ्या दाबाची. भारतात मिळणारे अनेक ट्रान्सफॉर्मर अमेरिकी उपकरणांसाठी असल्याने ११० व्होल्ट देतात. शंभर व्होल्टच्या कुकरला ११० व्होल्ट मिळाले की हजार वॅटचे १,२१० वॅट होतात. दहा टक्के जास्त दाब म्हणजे एकवीस टक्के जास्त उष्णता. म्हणून बाहेरील बाजूस नेमके १०० व्होल्ट लिहिलेले आहे ना, हे पाहूनच खरेदी करावी.

ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. जपानमधील काही मायक्रोवेव्ह ओव्हनवर ‘फक्त ६० हर्ट्झसाठी’ अशी नोंद असते. असा ओव्हन ट्रान्सफॉर्मर लावूनही भारतात वापरू नये. मायक्रोवेव्हच्या पट्टीवर वॅटचे दोन आकडेही आढळतात. लहान आकडा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचा, तर मोठा आकडा भिंतीतून घेतल्या जाणाऱ्या विजेचा असतो. ट्रान्सफॉर्मर निवडताना मोठाच आकडा धरावा.

उलट प्रवास

भारतातून जपानला नेलेल्या उपकरणाची कथा उलटी असते. २३० व्होल्ट, १००० वॅटची किटली तेथे जेमतेम १८९ वॅट उष्णता देते. तिथे आग लागण्याचा धोका नसतो, पण चहाचे पाणी लवकर उकळतही नाही.

जपानमधील काही दुकानांत परदेशी ग्राहकांसाठी २२० किंवा २३० व्होल्टची वेगळी प्रारूपे मिळतात. बाहेरून ती देशी प्रारूपांसारखीच दिसतात. फरक असतो तो तळाच्या पट्टीवर. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी खोका उघडून उपकरण उलटे करावे आणि पट्टीवरील व्होल्टचा आकडा स्वतः वाचावा.